हप्ता तोच, व्याजदर वाढला: उरलेले हप्ते लॉगॅरिदमने कसे काढायचे?

प्रश्न: माझ्या गृहकर्जाची शिल्लक २८,४८,००० रुपये आहे आणि हप्ता २२,८११ रुपये. व्याजदर ६.७५ टक्के होता तेव्हा या शिल्लकेवर २१६ हप्ते उरले होते. आता दर ९.२५ टक्के झालाय. मी हप्ता तोच ठेवला, तर बँक म्हणते ४२८ हप्ते उरले. दर एक तृतीयांशाहून थोडा जास्त वाढला, मग हप्ते दुप्पट कसे झाले? बँकेचा हिशोब चुकलाय का? हे आपलं आपण कसं तपासायचं? सूत्रात लॉगॅरिदम दिसतो, तो तिथे नेमकं काय करतो? आणि बचतीचं उद्दिष्ट कधी पूर्ण होईल हे काढायलाही हीच रीत चालते का?

उत्तर:

बँकेचा हिशोब बरोबर आहे. कर्जखात्यांच्या हिशोबाचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, आणि हप्ता न बदलता दर वाढला की हा धक्का बहुतेकांना बसतो. कारण आपण व्याजदराकडे बघतो, आणि कर्ज फिटतं ते हप्त्यातून व्याज वजा जाऊन उरणाऱ्या मुद्दलाने. म्हणून सूत्र बाजूला ठेवून आधी फक्त पुढच्या एका हप्त्याची फोड करू.

जुन्या दराने महिन्याचं व्याज होतं २८,४८,००० × ६.७५ ÷ १२००, म्हणजे १६,०२० रुपये. २२,८११ च्या हप्त्यातून ते वजा केलं की ६,७९१ रुपये मुद्दलात जमा होत होते. नव्या दराने व्याज होतं २१,९५३.३३ रुपये आणि मुद्दलात जातात फक्त ८५७.६७ रुपये. दर एक तृतीयांशाने वाढला हे खरं, पण तुमचं मुद्दल फेडण्याचा वेग जवळजवळ आठव्या हिश्श्यावर आला. वेग आठपट कमी होऊनही हप्ते आठपट झाले नाहीत, दुप्पटच झाले. हे कसं, ते समजलं की लॉगॅरिदमही आपोआप समजतो.

पहिल्या महिन्यात मुद्दल ८५७.६७ रुपयांनी कमी झालं. त्यामुळे दुसऱ्या महिन्याचं व्याज तेवढ्या रकमेवरच्या व्याजाने, म्हणजे ६ रुपये ६१ पैशांनी, कमी लागेल. हप्ता तोच असल्यामुळे ते ६.६१ रुपये मुद्दलात वळतील आणि दुसऱ्या महिन्याचं मुद्दल होईल ८६४.२८. तिसऱ्या महिन्याचं ८७०.९४. म्हणजे हप्त्यातला मुद्दलाचा भाग दर महिन्याला १.००७७०८३३ पट होत जातो. हा आकडा म्हणजे १ अधिक मासिक व्याजदर (९.२५ ÷ १२००). भूमितीय श्रेढी म्हणतात ती हीच. हप्ता आणि दर बदलले नाहीत तर शेवटपर्यंत हा नियम तंतोतंत लागू राहतो.

मग कर्ज संपतं कधी? शिल्लक शून्य झाली की व्याजही शून्य. त्यानंतर आणखी एक हप्ता कापला गेलाच असता, तर तो पूर्ण २२,८११ रुपये मुद्दल म्हणूनच गेला असता. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो: ८५७.६७ ला १.००७७०८३३ ने किती वेळा गुणलं की २२,८११ होतील? २२,८११ ÷ ८५७.६७ = २६.६. म्हणजे मुद्दलाचा भाग २६.६ पट व्हायला किती महिने लागतात, ते काढायचं.

“किती वेळा गुणायचं” हा आकडा घातांकात बसलेला असतो. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांनी तो खाली उतरत नाही. त्यासाठी लॉगॅरिदम लागतो. एकूण वाढीचा लॉग भागिले एका महिन्याच्या वाढीचा लॉग, की महिने मिळाले:

```
n = ln(EMI / (EMI - P*r)) / ln(1 + r)

P   = 2848000
r   = 9.25/1200 = 0.00770833
EMI = 22811

n = ln(26.5965) / ln(1.00770833)
  = 3.28078 / 0.00767878
  = 427.25
```

पुस्तकांत हेच सूत्र `-ln(1 - P*r/EMI) / ln(1+r)` असं दिलेलं असतं. दोन्ही एकच आहेत, पण मला वरचं रूप जास्त उपयोगी वाटतं, कारण त्यातला प्रत्येक आकडा तुमच्या कर्जखात्याच्या उताऱ्यावर छापलेला असतो. हप्ता घ्या, ताज्या महिन्यात मुद्दलात किती गेले ते घ्या, एकाला दुसऱ्याने भागा आणि लॉग घ्या. लॉग १० च्या पायाचा घ्या किंवा नैसर्गिक घ्या, उत्तर तेच येतं. फक्त वर आणि खाली पाया एकच हवा.

आता हप्ते दुप्पटच का झाले ते बघा. नव्या दराने मुद्दलाचा भाग दुप्पट व्हायला ln(2) ÷ ०.००७६७८७८, म्हणजे सुमारे ९० महिने लागतात. आजच्या ८५८ चे ९० महिन्यांनी सुमारे १,७१५ होतील, १८० महिन्यांनी ३,४३०, २७० महिन्यांनी ६,८५०. म्हणजे दर वाढण्याआधी मुद्दलात जे ६,७९१ जात होते, तिथे परत पोहोचायलाच तुम्हाला साधारण २६९ महिने लागतील. त्यापुढचा प्रवास १५८ महिन्यांचा. जुन्या दराने याच शेवटच्या टप्प्याला २१६ महिने लागत होते. आता श्रेढी जास्त वेगाने वाढते म्हणून तो लवकर संपतो. हप्ते आठपट न होता दुप्पटच होण्याचं कारण हे. ४२८ हप्त्यांमधले सुरुवातीचे २६९ केवळ गमावलेला वेग परत मिळवण्यात जातात, हे मात्र नीट लक्षात घ्या.

उत्तर ४२७.२५ आलं. हप्ते अपूर्णांकात नसतात, म्हणून ४२७ पूर्ण हप्ते आणि एक छोटा. हा शेवटचा हप्ता हप्त्याच्या बरोबर पाव भाग नसतो, जरा वेगळा असतो. तुमच्या बाबतीत सुमारे ५,८०० रुपये येतो. बँक ४२८ म्हणते ती या छोट्या हप्त्यासकट. उत्तर नेहमी वरच्या पूर्णांकात न्यायचं.

दशांश तोडले की काय होतं

या हिशोबात लोक सर्वात जास्त चुकतात ते इथे. तुमच्या कर्जात हप्ता आणि व्याज यांतला फरक फारच थोडा, ८५८ रुपयांचा आहे. दोन मोठे आणि जवळजवळ सारखे आकडे वजा केले की दरातली बारीकशी चूकही त्या फरकात मोठी होऊन बसते. मासिक दर ०.००७७०८३३ ऐवजी ०.००७७ धरला, तर ४२८ ऐवजी ४२५ हप्ते येतात. तेवढं चालून जाईल म्हणाल. पण कुणी तो ०.००८ केला, तर मुद्दलाचा पहिला भाग २७ रुपयांवर येतो आणि उत्तर येतं ८४६. कागदावर ही चूक लहान दिसते आणि उत्तर जवळजवळ दुप्पट होतं. म्हणून कॅल्क्युलेटरवर दर दशांशात लिहून घेऊ नका, ९.२५/१२०० असाच टाका.

अकरावी-बारावीला प्रात्यक्षिकांसाठी वापरतो ते चार अंकी लॉगटेबलही इथे पुरत नाही. १.००७७ चा १० च्या पायाचा लॉग ०.००३३ एवढाच मिळतो, त्यात दोनच कामाचे अंक आहेत, आणि भागाकार ४३२ च्या घरात जातो.

एक्सेल किंवा गूगल शीट्स असेल तर सूत्र पाठ करायचीही गरज नाही:

```
=NPER(9.25%/12, -22811, 2848000)
```

उत्तर ४२७.२५ येईल. हप्त्याला उणे चिन्ह हवंच. ते विसरलात तर उत्तर ऋण, सुमारे -८७.८, येतं. ऋण महिने दिसले की चिन्ह तपासा. `#NUM!` असं आलं, तर तो वेगळाच आणि जास्त गंभीर इशारा आहे.

हप्ता व्याजालाही पुरत नाही तेव्हा

`#NUM!` म्हणजे लॉगच्या पोटात शून्य किंवा ऋण संख्या गेली. ज्या दराला महिन्याचं व्याज हप्त्याएवढंच होतं, त्या दराला मुद्दलाचा भाग शून्य होतो. शून्याला कितीही वेळा गुणलं तरी २२,८११ होत नाहीत, म्हणून n ला उत्तरच नाही. तुमच्या बाबतीत तो दर आहे २२,८११ × १२ ÷ २८,४८,०००, म्हणजे ९.६१ टक्के. तुम्ही आज त्याच्यापासून फक्त ०.३६ टक्क्यावर आहात. दर ९.२५ चा ९.५० झाला, तर हप्ते ४२८ वरून ५६६ होतील. म्हणजे ४७ वर्षं. ९.६१ च्या पुढे गेला, तर प्रत्येक महिन्याला न भरलेलं व्याज शिल्लकेत मिळत जाईल आणि हप्ता भरूनही कर्ज वाढत राहील.

हे संकट काल्पनिक नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर नेला. स्वस्त दराच्या काळात लांब मुदतीने कर्ज घेतलेले, हप्ता कसाबसा परवडणारे लोक त्यात सापडले. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं. दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवणं, मुदत वाढवणं किंवा दोन्हींचा मेळ असा पर्याय द्यायचा, मुदत वाढवताना कर्ज उलटं वाढू द्यायचं नाही, आणि दर तिमाहीला उतारा द्यायचा, असं त्यात आहे. त्या उताऱ्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर असावा लागतो. तो उतारा मागून घ्या आणि वरचं सूत्र त्यावर चालवा. एखाद्या हप्त्याचा फरक आला तर काळजी नको. बँका व्याज रोजच्या शिल्लकेवर लावतात, महिने २८ ते ३१ दिवसांचे असतात, त्यामुळे तेवढं इकडेतिकडे होतं. पाच-दहा हप्त्यांचा फरक असेल तर मात्र दर किंवा शिल्लक कुठेतरी वेगळी धरलेली आहे, लेखी विचारा.

तुमच्या खात्यात दर एकदम बदललेला दिसतो. बहुतेकांच्या खात्यात तो टप्प्याटप्प्याने वाढलेला असतो. तिथे प्रत्येक टप्प्याच्या दिवशीची शिल्लक आणि त्या दिवसापासूनचा दर घेऊन हिशोब नव्याने करावा लागतो. मूळ कर्जाची रक्कम आणि आजचा दर एकत्र घातले की उत्तर हमखास चुकतं.

आता काय करायचं

लॉगचा खरा उपयोग इथे आहे. पहिल्या महिन्याचं मुद्दल इतकं लहान असताना त्यात घातलेला प्रत्येक रुपया फार मोठं काम करतो. हप्ता फक्त ८५८ रुपयांनी वाढवून २३,६६९ केला, तर मुद्दलाचा भाग दुप्पट होतो आणि एक जवळजवळ पूर्ण “दुप्पट होण्याचा काळ” वाचतो: हप्ते ४२८ वरून ३४२ वर येतात. दोन हजारांनी वाढवून २४,८११ केला, तर २८२. मूळचे २१६ च हवे असतील तर हप्ता सुमारे २७,११६ लागेल. एकूण भरणा बघितला तर आजच्या हप्त्याने साडेसत्याण्णव लाख, दोन हजार वाढवून सुमारे सत्तर लाख, आणि २७,११६ ने साडेअठ्ठावन्न लाख. पहिल्या दोन हजारांनी जेवढं वाचतं, तेवढं पुढच्या दोन हजारांनी वाचत नाही, कारण लॉगचा आलेख जिथे सर्वात उभा आहे तिथेच तुम्ही आज आहात.

हातात एकरकमी पैसे असतील तर तेही करून बघा. तीन लाख भरले की शिल्लक २५,४८,०००, महिन्याचं व्याज १९,६४१, मुद्दल ३,१७०, आणि हप्ते २५७. तीन लाखांनी सुमारे १७० हप्ते गेले, म्हणजे त्या हप्त्यांचे ३८ लाखांहून जास्त रुपये वाचले. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व भरण्याचा दंड घेता येत नाही, त्यामुळे ते सगळे तुमचेच. फक्त पैसे भरताना “हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा” असं लेखी सांगा. काही ठिकाणी आपोआप हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवतात, आणि मग या हिशोबातलं काहीच तुमच्या वाट्याला येत नाही.

दर उतरतो तेव्हाही हीच काळजी घ्या. २०२५ मध्ये रेपो दर वर्षभरात ६.५० वरून ५.२५ पर्यंत खाली आला. ही सव्वा टक्क्याची घट तुमच्या दरात पूर्ण उतरली तर तो ८ टक्के होतो, आणि याच शिल्लकेवर, याच हप्त्याने, २६९ हप्ते उरतात. बँकेच्या नोंदीत अजून ४०० च्या आसपासचा आकडा दिसत असेल, तर आधी दर खरंच बदलला का ते बघा.

बचतीसाठी

रीत तीच, श्रेढी तीच. कर्जात मुद्दलाचा भाग वाढत जातो, बचतीत महिन्याची भर वाढत जाते. समजा १० लाख जमवायचे आहेत, महिन्याच्या सुरुवातीला ८,००० रुपयांची आवर्ती ठेव आहे, आणि दर ७ टक्के. आवर्ती ठेवीचं व्याज बँका तिमाही चक्रवाढीने धरतात, त्यामुळे मासिक दर ७/१२०० होत नाही, १.०१७५ चं घनमूळ काढून त्यातून १ वजा करायचा, तो येतो ०.००५७९९६.

पहिल्या महिन्यात भर पडते ८,००० आणि त्यांचं महिन्याचं व्याज, म्हणजे ८,०४६ रुपये. १० लाख जमतील तेव्हा पुढच्या महिन्याची भर असेल ८,०४६ अधिक १० लाखांवरचं व्याज ५,८००, म्हणजे १३,८४६. वाढ १.७२ पट.

```
n = ln(13846/8046) / ln(1.0057996) = 93.9
```

९४ हप्ते. महिन्याच्या शेवटी पैसे भरणार असाल, तर ८,०४६ च्या जागी नुसते ८,००० घ्या; उत्तर ९४.३, म्हणजे ९५ हप्ते. आधीपासून याच दराने दोन लाख साठलेले असतील, तर त्यांचं महिन्याचं व्याज १,१६० रुपये पहिल्या भरीत मिळवा. १३,८४६ ÷ ९,२०६ चा लॉग घेतला की ७०.६, म्हणजे ७१ हप्ते.

बचतीत n ला उत्तर नाही अशी वेळ येत नाही, कारण इथे वजाबाकी नाही. लॉगच्या पोटात नेहमी १ पेक्षा मोठी संख्या असते. दर ०.००६ असा ढोबळ धरला तरी उत्तर ९३.१ येतं, म्हणजे पुन्हा ९४ हप्तेच. कर्जात जवळपास एवढ्याच चुकीने ४२८ चे ८४६ झाले होते. बचतीत खरा फरक पडतो तो व्याजावरच्या करामुळे. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर ७ ऐवजी साधारण ५.६ टक्के धरून हिशोब करा, आणि उद्दिष्टाची तारीख त्यावरून ठरवा.